धागा: जतला सोलर प्लांट, शिरोलीत फौंड्री. ओपन ॲक्सेसचं गणित कुणी तपासून देईल का?

ओतशाळा_शिरोली
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. बाबांनी सुरू केली, आता मी बघते. इंडक्शन फर्नेस आहे, कॉन्ट्रॅक्ट डिमांड १५०० केव्हीए, महिन्याला साधारण ४ लाख युनिट जातात. कास्टिंगच्या किलोमागे विजेचा खर्च एवढा वाढलाय की गिऱ्हाईकाला दर सांगताना हात थरथरतो.

एका कंपनीने प्रस्ताव दिलाय. जत तालुक्यात २ मेगावॉटचा प्लांट ते बांधणार आणि आम्ही त्या प्रकल्प कंपनीत २६ टक्के भागीदार व्हायचं. वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे ग्रीडच्या तारांतून, शिरोलीला येणार. युनिटचा दर ३ रुपये ६० पैसे, करार २५ वर्षांचा. त्यांचं सरळ म्हणणं असं, की आज तुम्ही साडेआठ रुपये भरता, म्हणजे युनिटमागे ४.९० वाचले. प्लांट महिन्याला २ लाख ७० हजार युनिट देणार, म्हणजे १३ लाखांची बचत. दिवसा जास्त झालेली वीज बँकेत जमा होणार आणि आम्ही ती रात्री वापरायची.

शेडवर पॅनेल बसत नाहीत, जुनं पत्र्याचं छप्पर आहे आणि धूळ फार. म्हणून हा पर्याय बरा वाटला. पण १३ लाख ऐकून विश्वास बसेना. सही करण्याआधी विचारते आहे.

कागलचा_हिशेबनीस
ताई, प्रस्ताव चांगला आहे. कॅप्टिव्ह म्हणजे स्वतःच्या मालकीची वीज, तिच्यावर वीज कंपनीचा कुठलाच आकार लागत नाही. आमच्या ओळखीतल्या दोघांनी केलंय. फक्त पैशांची तयारी ठेवा. २ मेगावॉटला ९ कोटींच्या आसपास खर्च येतो, त्याचे २६ टक्के म्हणजे २ कोटी ३४ लाख तुम्हाला घालावे लागतील.

यंत्रमाग_इचल
इचलकरंजीत आमचे २४ माग आहेत. छतावर नेट मीटर घ्यायचा अर्ज टाकलाय, तीन महिने झाले. कुणाला माहिती आहे का किती दिवस लागतात?

तारमार्ग
यंत्रमाग साहेब, तुमचा विषय वेगळा आहे. तुमचं पॅनेल तुमच्याच मीटरमागे बसणार, इथे प्लांट शंभरेक किलोमीटर लांब आहे आणि मधे दुसऱ्याच्या तारा आहेत. नवा धागा काढा, तिथे सांगतो.

हिशेबनीस साहेबांच्या दोन्ही गोष्टी अर्ध्या बरोबर आहेत, म्हणून आधी त्या.

कॅप्टिव्हला सूट मिळते ती दोन अधिभारांतून. क्रॉस सबसिडी अधिभार वीज कायदा २००३ च्या कलम ४२ नेच लागत नाही. अतिरिक्त अधिभारावर वाद होता, तो डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅप्टिव्ह ग्राहकाच्या बाजूने मिटवला. पण जतहून शिरोलीपर्यंत तारा वापरल्या त्याचं भाडं कुणालाच चुकत नाही. महापारेषणच्या लाइनचा पारेषण आकार आणि महावितरणच्या जाळ्याचा व्हीलिंग आकार, दोन्ही भरावे लागतात. शिवाय तारांत वीज गळते ती तुमच्याच युनिटमधून वजा होते. म्हणजे भाडं रुपयांत आणि घट युनिटमध्ये, अशी दोन वेगळी कपात आहे. प्रस्तावात बहुतेक वेळा एकच दाखवतात.

२६ टक्क्यांचंही तसंच. २००५ च्या नियमांत म्हटलंय ते मतदानाचा हक्क असलेल्या भागभांडवलाबद्दल. ९ कोटींतलं ७० टक्के कर्ज असेल, तर भांडवल २ कोटी ७० लाख राहतं आणि त्याचे २६ टक्के म्हणजे सुमारे ७० लाख.

ताई, मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. तुमची भट्टी कुठल्या वेळेत चालते?

ओतशाळा_शिरोली
रात्री. बाबांच्या वेळेपासून मेल्टिंग रात्री १० ते सकाळी ६. दिवसा मोल्डिंग, कोअर, फेटलिंग, कॉम्प्रेसर. रात्रीची वीज स्वस्त म्हणून सगळ्या शिरोलीची पद्धत तीच होती. सोमवारी सुट्टी.

गोकुळशिरगाव_मशीनशॉप
आमचंही असंच होतं. रात्री युनिटमागे दीड रुपया सूट मिळायची, सकाळी ९ ते १२ ला ८० पैसे जादा आणि संध्याकाळी ६ ते १० ला १ रुपया १० पैसे जादा. पोरं रात्रपाळीला वैतागायची, पण बिलाकडं बघून चालवायचो.

तारमार्ग
त्या दीड रुपयावर कोल्हापूरच्या फौंड्रींची एक पिढी चालली. आणि तेव्हा हा प्रस्ताव चाललाही असता.

बँकिंग म्हणजे वीज कुठे साठवून ठेवत नाहीत. प्लांटच्या आणि तुमच्या, दोन्हीकडच्या मीटरवर दर पंधरा मिनिटांची नोंद होते. जतला तयार झालेलं युनिट त्याच पंधरा मिनिटांत तुम्ही वापरलं, तर ते सरळ वजा. नाही वापरलं तर ते खात्यावर जमा दिसतं आणि महिना संपेपर्यंत उचलता येतं, थोडी युनिट बँकिंग आकार म्हणून कापून. पण जमा कुठल्या वेळेत झालं ते चिकटूनच राहतं. स्वस्त वेळेत ठेवलेलं युनिट महाग वेळेत उचलता येत नाही. उलट चालतं.

जुन्या टीओडीत, म्हणजे वेळेनुसारच्या दरांत, रात्र सगळ्यात स्वस्त होती. त्यामुळे दुपारचं सौर युनिट रात्री उचलायला अडचण नव्हती. आता चित्र उलटलंय. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनी सौर तासांतला दर साध्या दरापेक्षा निदान २० टक्के कमी ठेवायला सांगितलं. आपल्याकडे २०२५ च्या दरआदेशात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हा सवलतीचा पट्टा झाला, संध्याकाळी ५ ते रात्री १२ महाग आणि त्यानंतर सकाळपर्यंत साधा दर. त्या आदेशावर फेरविचारही झालाय, म्हणून माझ्या शब्दावर न जाता ताज्या बिलावरचे टीओडीचे पट्टे समोर ठेवा.

म्हणजे ताई, तुमचा प्लांट सगळ्यात स्वस्त पट्ट्यात वीज करणार आणि भट्टी नेमकी बाकीच्या दोन पट्ट्यांत चालणार. रात्री १० ते १२ तर महाग वेळेतच.

तुमचा दिवसाचा वापर पट्टेवार टाकता का? मीटरचा लोड सर्व्हे मागितला की मिळतो.

ओतशाळा_शिरोली
काल काढून घेतला. कामाच्या दिवशी सरासरी १५,४०० युनिट. त्यात रात्री १० ते ६ मध्ये ९,०००. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये ३,६००. उरलेल्या वेळेत २,८००. महिन्याला २६ दिवस काम.

तारमार्ग
झालं तर मग. मी खाली मांडतो ते आकडे उदाहरणाचे धरा, आकार आणि घट दरवर्षी आदेशाने बदलतात. पण गणिताची वाट हीच राहील.

२ मेगावॉट म्हणजे सरासरी दिवसाला ९,००० युनिट. वाटेतली घट ८ टक्के धरली तर शिरोलीला पोचतात ८,२८०. यातली साधारण ७,४५० सौर तासांत आणि ८३० सकाळी लवकर किंवा ५ नंतर. कारखाना सौर तासांत घेतो ३,६००. म्हणजे रोज ४,४३० युनिट जागेवर वापरली जातील, महिन्याला १ लाख १५ हजार.

पोचतात किती? महिन्याला २ लाख ४८ हजार. मग १ लाख ३३ हजार युनिट खात्यावर जमा राहतात. ती उचलायची कधी? फक्त सौर तासांत. आणि सौर तासांतला तुमचा सगळा वापर आधीच सौर विजेने भरून निघालाय. उचलायला जागाच नाही. महिना संपला की ती बुडतात.

सोमवारचं सगळं उत्पादनही यातच आलं. शिवाय बँकिंगला मर्यादाही असते. २०२२ च्या हरित ओपन ॲक्सेस नियमांत ती महिन्याच्या वापराच्या निदान ३० टक्के ठेवा असं आहे. तुमच्या वापराचे ३० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, त्याच्याही वर तुम्ही जाता.

आता पैसे. ३.६० ची वीज घट धरून ३.९१ ला पडते. पारेषण, व्हीलिंग आणि किरकोळ मिळून दीड रुपया धरा, म्हणजे ५.४०. आणि ती ज्या विजेची जागा घेते तिचा दर साडेआठ नाही. सौर तासांत २० टक्के कमी, म्हणजे ६.८०. वाचले १ रुपया ४० पैसे. प्रस्तावात ४.९० लिहिलेत.

१ लाख १५ हजार युनिटांवर १.४० म्हणजे १ लाख ६० हजारांचा फायदा. पण बुडालेल्या युनिटांचे पैसे प्रकल्प कंपनीला द्यावेच लागतात, करारात तसं लिहिलेलं असतं. प्लांटच्या मीटरवर ती सुमारे १ लाख ४५ हजार होतात. गुणिले ३.६०, म्हणजे सव्वापाच लाख. १३ लाखांची बचत राहिली बाजूला, महिन्याला साडेतीन लाखांच्या वर तोटा दिसतोय.

ओतशाळा_शिरोली
दोनदा वाचलं. हात गार पडले. रात्री वापरता येईल असं त्यांनी माझ्यासमोर बाबांना सांगितलं होतं.

प्रकल्पवाला_सांगली
मी या क्षेत्रात काम करतो, वरच्या प्रस्तावाशी माझा संबंध नाही. तारमार्ग साहेबांचा हिशेब बरोबर आहे, पण सगळे सौदे असे नसतात. चांगला विकासक आधी लोड सर्व्हे मागतो आणि मगच मेगावॉट सांगतो. ज्याने बिलाची फक्त शेवटची बेरीज बघून आकार ठरवला, त्याच्यापासून लांब राहा.

प्रस्ताव दोन वर्षांपूर्वी तयार केलेल्या एक्सेल शीटवरून आला असेल, तर त्यात जुने पट्टे असू शकतात. शीट मागून घ्या आणि रात्रीच्या रकान्यात सौर युनिट वजा केलीत का बघा. केली असतील तर त्याच रकान्यात चूक आहे.

तारमार्ग
ही खूण चांगली सांगितलीत.

ताई, अजून एक आहे आणि ते तोट्याहून मोठं आहे. कॅप्टिव्ह ठरायला २६ टक्के मालकी पुरत नाही. वर्षभरात प्लांटने जेवढी वीज केली तिच्यातली निदान ५१ टक्के भागीदारांनी स्वतः वापरली पाहिजे. तुमचं वर काढलेलं प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास येतं. ५१ च्या खाली गेलात, तर त्या वर्षाची सगळी वीज विकत घेतलेली धरतात आणि दोन्ही अधिभार सगळ्या युनिटांवर लागतात. हे वर्ष संपल्यावर कळतं, तोवर बिलं भरून झालेली असतात.

प्रकल्पवाला_सांगली
इथे मी सहमत नाही. जमा केलेलं युनिट ग्रीडला दिलं, ते ग्राहकाच्या खात्यावर आहे. बँकेत टाकलं तेव्हाच ते वापरात धरावं असं आम्ही मांडतो.

तारमार्ग
मांडता येईल. पण नियमातला शब्द वापराचा आहे आणि बुडालेलं युनिट कुणी वापरलं असं दाखवणार? उचललेल्या युनिटाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते वापरातच येतं. बुडालेल्याच्या भरवशावर ५१ टक्के गाठायचे असतील, तर मी तरी कुणाला सही करा म्हणणार नाही.

प्रकल्पवाला_सांगली
बुडण्याएवढा प्लांट बांधूच नये, इथपर्यंत आपण एकाच बाजूला आहोत. बाकी माझं मत मी राखून ठेवतो.

जतकर_शेतकरी
नमस्कार. मी जत तालुक्यातलाच. आमच्याकडं पाऊस कमी, जमीन माळाची, म्हणून सोलरवाले लय फिरायला लागलेत. ८ एकर भाड्यानं मागितलीय २९ वर्षांसाठी. मला एवढंच इचारायचंय, सबस्टेशन आमच्यापासनं ६ किलोमीटरवर हाय. जमतंय का तेवढ्या लांब? आणि आमच्याकडं दिवसा लाइट जातीया, तवा त्या प्लांटचं काय हुतंय?

तारमार्ग
दादा, ८ एकरांत २ मेगावॉट आरामात बसतो, साधारण ४ एकराला एक. ६ किलोमीटर लाइन ओढता येते, पण तिचा खर्च आणि वाटेतल्या शेतकऱ्यांची संमती लागते. सबस्टेशनला तेवढी वीज घेण्याची जागा आहे असं लेखी पत्र त्यांच्याकडे आलंय का, ते बघून मगच भाडेकरारावर सही करा. पत्र नसेल तर जमीन अडकून पडते आणि भाडं सुरूच होत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न ताईंनी नीट वाचावा. तुमच्याकडची लाइन गेली की प्लांट आपोआप बंद होतो, ऊन कितीही असलं तरी. ती युनिट कुणाच्याच खात्यावर येत नाहीत आणि शिरोलीचा कारखाना त्या वेळेत पूर्ण दराने चालतो. म्हणून जत भागातल्या फीडरचा वर्षभराचा बंद-चालूचा रेकॉर्ड मागावा.

गोकुळशिरगाव_मशीनशॉप
आमचा अनुभव सांगतो. आम्ही ६०० किलोवॉटचा हिस्सा घेतलाय, मशीनशॉप दिवसा चालतं म्हणून आमचं गणित बसतं. पण पहिल्या पावसाळ्यात तीन महिने बिलात जमा युनिट कमी दिसायची. प्लांटचं रीडिंग बरोबर, आमचं रीडिंग बरोबर, आणि बिल मात्र बसेना. शेवटी आमच्या पोरानं दोन्ही मीटरचा पंधरा-पंधरा मिनिटांचा डेटा शेजारी ठेवला. प्लांटकडचा सूर्य रोज वीस मिनिटं उशिरा मावळत होता. विकासकानं बसवलेल्या मीटरचं घड्याळच पुढं होतं. ९ आणि ५ च्या कडेवरची युनिट चुकीच्या पट्ट्यात जात होती.

तेव्हापासून दर महिन्याला डेटा स्वतः उतरवून घेतो. संयुक्त रीडिंगच्या दिवशी आमचा माणूस जतला जातो आणि मीटरच्या वेळेचा फोटो काढून आणतो.

दुसरं म्हणजे डिमांड चार्ज एक रुपयानं कमी झाला नाही. आम्हाला वाटलं होतं होईल.

तारमार्ग
होत नाही. सूर्य नसताना तुमचा सगळा लोड महावितरणच घेतं, म्हणून कॉन्ट्रॅक्ट डिमांड तेवढीच राहते. केव्हीएमागे महिन्याला पाचशेहून जास्त जातात, ते जातातच.

आणि एचटीचं बिल केव्हीएएचवर येतं, सौर युनिट केडब्ल्यूएचमध्ये मोजतात. फौंड्रीचा पॉवर फॅक्टर घसरला तर वजा झालेली युनिट अपेक्षेपेक्षा कमी वाटतात. कपॅसिटर पॅनेल आधी तपासा.

ओतशाळा_शिरोली
मग मी काय करू? प्रस्ताव नाकारू की प्लांट लहान करायला सांगू? शेजारी पंप बनवणारा कारखाना आहे, त्यांची एकच दिवसपाळी. त्यांना भागीदार घेतलं तर उरलेली वीज त्यांना देता येईल का?

तारमार्ग
लहान करा. आजच्या वापरावर सौर तासांत महिन्याला ९३,६०० युनिट जातात. ८०० किलोवॉटचा प्लांट सौर तासांत साधारण ८९,४०० देतो. दुपारी थोडं जास्त होईल, सोमवारचंही जमेल, पण ते त्याच महिन्यात सकाळ-संध्याकाळच्या कमी उन्हाच्या तासांत उचललं जाईल. बुडणार जवळजवळ काही नाही. बचत महिन्याला १ लाख ४० हजारांच्या आसपास आणि भांडवलातला तुमचा हिस्सा ७० ऐवजी २८ लाख.

शेजाऱ्याला घेता येतं. पण दोघे झालात की ज्याचा जितका हिस्सा, तितक्याच प्रमाणात वापर, १० टक्के इकडेतिकडे चालतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलंय. पंपवाल्यांची ऑर्डर एक वर्ष पडली आणि त्यांचा वापर घसरला, तर त्यांच्या चुकीचा भुर्दंड तुमच्यावरही येऊ शकतो. घरोबा असला तरी हे करारात लिहून घ्या.

तिसरा मार्ग तुमच्याच हातात आहे. मेल्टिंगची एक पाळी दिवसा आणली तर? रात्रीतली ३,००० युनिट सौर तासांत सरकवली, तर दिवसाचा वापर ६,६०० होतो आणि दीड मेगावॉटपर्यंतचा प्लांट पचतो. सोलर घेतलं नाही तरी त्या ३,००० युनिटांना सवलतीचा दर मिळेलच.

ओतशाळा_शिरोली
दिवसा भट्टी म्हणजे मोल्डिंग आणि ओतणं एकाच वेळी. आमच्याकडे मोल्ड लावायला जागा एकच बे आहे. दिवसभर साचे भरायचे आणि रात्री ओतायचे, अशी घडी बसलीय. दोन्ही एकत्र आले तर क्रेन पुरणार नाही. शिवाय उन्हाळ्यात दुपारी भट्टीजवळ माणसं उभी करायची, ते मला पटत नाही. रात्रपाळीचे आठ जण वीस वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांच्याशी आधी बोलावं लागेल.

गोकुळशिरगाव_मशीनशॉप
ताई, एकदम सगळं नको. आमच्या ओळखीच्या एका फौंड्रीनं सकाळी ६ ची पाळी धरून ९ ते १ एवढ्याच हीट दिवसा आणल्या. आदल्या दिवशीचे साचे सकाळी ओततात, दुपारनंतर नवे भरतात. क्रेनची भांडणं होतात म्हणे, पण चाललंय.

कागलचा_हिशेबनीस
माझ्या दोन्ही चुका मान्य. आमच्या ओळखीतल्या त्या दोघांना आजच लोड सर्व्हे काढायला सांगतो. एकाची फौंड्रीच आहे, तीही रात्रीची.

तारमार्ग
त्यांनी करार केलाय का अजून?

कागलचा_हिशेबनीस
केलाय. मार्चमध्ये. दीड मेगावॉट.

तारमार्ग
मग आधी करारातलं वाक्य बघा, न उचललेल्या युनिटांचे पैसे द्यायचे की नाही. आणि प्लांट उभा राहिला नसेल तर क्षमता बदलायचं कलम आहे का ते बघा. इथे टाका, नाव काढून.

ओतशाळा_शिरोली
मी विकासकाला पत्र पाठवलं. तीन गोष्टी मागितल्या: एक्सेल शीट, सबस्टेशनचं पत्र आणि ८०० किलोवॉटचा नवा प्रस्ताव. बाबांना पंधरा मिनिटांच्या डेटाचा आलेख छापून दाखवला. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, सकाळच्या चार तासांच्या हीट कशा बसतात ते एक आठवडा करून बघू. येत्या मंगळवारपासून सुरू करतोय. आठवडा झाला की पट्टेवार युनिट इथे टाकते.